नमुन्यांत नसलेलें पत्र

आमच्या लहानपणीं व्याकरणाच्या पुस्तकाच्या अखेरीस पत्रांचे नमुने दिलेले असत. मुख्याध्यापकांस रजेचा अर्ज, पुस्तकविक्रेत्यास मागणीपत्र, सहलीसाठीं वडिलांकडे पैसे मागणारें पत्र, आजारी मित्रास धीर देणारें पत्र, असे पांच-सात सांचे पाठ केले कीं परीक्षेंतले दहा गुण हमखास हातीं येत. पुढें तीस वर्षें मीं स्वतः विद्यार्थ्यांना इंग्रजींतले असलेच सांचे शिकविले. परंतु २०२५ सालच्या नोव्हेंबरांत माझ्या भाचीनें जें पत्र माझ्याकडून लिहून मागितलें, त्याचा नमुना मराठींतल्या किंवा इंग्रजींतल्या कोणत्याहि पुस्तकांत मला आढळला नाहीं. तिच्या मुलीच्या वर्गाचा व्हॉट्सॲपवर जो ग्रुप आहे, त्याच्या ॲडमिनला, म्हणजे वर्गशिक्षिकेला, मुलीचे फोटो तेथून काढून टाकण्याची विनंति करावयाची होती.

भाची दिली आहे शिरड शहापूरला. औंढ्याहून वसमतकडे जातांना हें गांव लागतें. तेथील मल्लिनाथांच्या दिगंबर जैन क्षेत्रामुळें त्याचें नांव दूरवर पोंचलेलें आहे. घरची चार एकर जमीन, त्यांत थोडी हळद आणि बाकी सोयाबीन. त्या वर्षीं सप्टेंबरांत मराठवाड्यावर जी अतिवृष्टि कोसळली तिनें सोयाबीन उभ्या जागीं कुजलें. गांवचा एक मुलगा पुण्यास नोकरीला आहे. त्यानें आपल्या कचेरींतल्या मित्रांकडून पैसे गोळा करून चौदा मुलांसाठीं दप्तरें पाठविलीं. बालदिनीं, शुक्रवारीं, शाळेंत त्यांचें वाटप झालें. फोटो निघाले, आणि दुपारीं पाऊण वाजण्याच्या सुमारास ते वर्गाच्या ग्रुपवर आले. ग्रुपचे सभासद शेहेचाळीस.

एकूण अकरा फोटो होते. त्यांपैकीं चारांत माझी नात होती. एकांत ती एकटी उभी होती, हातांत नवें दप्तर, दप्तरावर शाळा व्यवस्थापन समितीच्या एका सभासदाचा हात, आणि मागें फलक : अतिवृष्टिग्रस्त गरजू विद्यार्थ्यांना शैक्षणिक साहित्य वाटप. मुलीचें डोकें 'गरजू' या शब्दाच्या नेमकें खालीं आलें होतें. शनिवारीं सकाळच्या शाळेंत दोघां मुलांनीं तिला त्याच नांवानें हांक मारली. ती घरीं आली, नवें दप्तर तिनें खुंटीला लावलें, आणि पुस्तकें कापडी पिशवींत भरून ठेवलीं. तिच्या आईला हें शनिवारीं रात्रीं कळलें, आणि रात्रीं साडेनवाला मला फोन आला.

"मामा, पत्र कडक लिहूं नका," ती म्हणाली, "बाई चांगल्या आहेत. पावसांत चार दिवस रस्ता बंद होता तेव्हां त्या चिखल तुडवत शाळेला आल्या. आणि उद्यां त्यांचा राग माझ्या लेकीवर निघायला नको."

या दोन वाक्यांत पत्राची सगळी अडचण सांपडते. जिच्याकडे मागणें आहे तिचा दोष म्हणावा तर नाहीं. जिच्यासाठीं मागणें आहे तिला रोज सहा तास तिच्याच हातांखालीं बसावयाचें आहे. वकिली भाषेंत लिहावें तर शाळेशीं असलेलें नातें तुटतें, आणि गुळमुळीत लिहावें तर काय काढावयाचें तेंच वाचणाराला कळत नाहीं.

बाईंनीं फोटो कां टाकले, याचें उत्तर त्यांच्या स्वभावांत शोधणें व्यर्थ आहे. आमच्याकडील शाळांतून आज कोणताहि उपक्रम फोटोवांचून झाला असें धरलेंच जात नाहीं. २०१६ सालच्या नोव्हेंबरांत तर शिक्षण खात्यानें असा आदेश काढला होता कीं शिक्षकांनीं दहा-दहा विद्यार्थ्यांच्या गटासह स्वतःचा फोटो काढून तो 'सरल' या सरकारी प्रणालींत भरावा, म्हणजे पटावरचीं मुलें खरोखर शाळेंत येतात कीं नाहीं तें कळेल. शिक्षकांनीं त्या आदेशाला कडाडून विरोध केला. आदेश मागें पडला, पण फोटो म्हणजे पुरावा ही समजूत खात्यांत आणि खात्याबाहेरहि कायम राहिली. वृक्षारोपण, हात धुण्याचा दिवस, पोषण आहार, पाहुण्यांची भेट, सगळ्यांचे फोटो वर पाठवावयाचे असतात. वर पाठविलेला फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकावयाला आणखी एका स्पर्शापेक्षां अधिक श्रम पडत नाहींत.

पत्र लिहिण्यापूर्वीं तें कोणाला लिहावयाचें आणि त्याच्या हातांत काय आहे, हें पाहणें प्राप्त होतें. ग्रुपच्या ॲडमिनला आपल्याकडे लोक एक तर पोलीस पाटील समजतात, नाहीं तर नुसता शिपाई. नागपूर खंडपीठापुढें गोंदिया जिल्ह्यांतला एक खटला आला होता. ग्रुपवर एका सभासदानें एका स्त्रीविषयीं अश्लाघ्य भाषा वापरली, ॲडमिननें त्याला काढलें नाहीं किंवा माफीहि मागावयाला लावली नाहीं, म्हणून ॲडमिनवरहि गुन्हा दाखल झाला होता. १ मार्च २०२१ रोजीं न्यायालयानें ॲडमिनवरील कारवाई रद्द केली. सभासद घेणें आणि सभासद काढणें एवढाच मर्यादित अधिकार ॲडमिनच्या हातीं असतो. कोण काय लिहील हें त्याला आधीं कळत नाहीं, म्हणून पूर्वसंकेत नसेल तर दुसऱ्याच्या लिखाणाचा भार त्याच्यावर येत नाहीं, असा त्या निकालाचा आशय आहे. मात्र त्यानंतर २०२२ सालच्या उत्तरार्धांत व्हॉट्सॲपनें ॲडमिनला आणखी एक अधिकार दिला : दुसऱ्या सभासदानें टाकलेला संदेशहि तो सर्वांच्या पडद्यावरून काढूं शकतो. जबाबदारी नाहीं म्हणणारा निकाल आधींचा आणि हातीं आलेलें सामर्थ्य नंतरचें, असा हा प्रकार आहे. उद्यां पुन्हां असा प्रश्न न्यायालयापुढें गेला तर तेथें काय ठरेल याचें भाकीत मी करणार नाहीं. आमच्या कामापुरता अर्थ स्वच्छ होता. बाईंना जाब विचारण्याचें कारण नव्हतें, पण फोटो काढणें त्यांच्या हातांत होतें.

आणि तें कांहीं काळापुरतेंच हातांत होतें. ही गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते म्हणून जरा विस्तारानें सांगतों. संदेशावर बोट दाबून धरलें कीं काढून टाकण्याचा पर्याय येतो. त्यांत `Delete for everyone` असें दिसलें तर तो संदेश सर्वांकडून जातो. नुसतें `Delete for me` दिसलें तर तो फक्त आपल्या फोनमधून जातो आणि बाकीच्या पंचेचाळिसांकडे जसाच्या तसा राहतो. पहिला पर्याय संदेश टाकल्यापासून सुमारें दोन-अडीच दिवसच उपलब्ध असतो. आमचे फोटो शुक्रवारीं दुपारीं पडले होते. म्हणजे रविवार मावळला कीं दार बंद. सोमवारीं शाळेंत जाऊन पत्र द्यावें अशी भाचीची कल्पना होती. तसें केलें असतें तर पत्र उत्तम आणि उपयोग शून्य, अशी अवस्था झाली असती. म्हणून ठरलें असें कीं रविवारीं सकाळीं तिनें बाईंना फोन करावा, नेमके कोणते फोटो तें सांगावें, आणि सोमवारीं लेखी पत्र द्यावें. पत्राची गरज तरीहि होतीच. तोंडी विनंतीनें आजचे फोटो जातात. पुढच्या कार्यक्रमाच्या वेळीं ती विनंति कोणाच्याहि लक्षांत राहत नाहीं, आणि बाईंची बदली झाली तर ती त्यांच्याबरोबर दुसऱ्या गांवीं जाते.

मीं तिला आणखी एक ताकीद दिली. हें पत्र ग्रुपवर टाकावयाचें नाहीं, आणि कोणता फोटो हें दाखविण्यासाठीं तोच फोटो पुन्हां कोणालाहि पाठवावयाचा नाहीं. हें सांगावें लागतें याचें कोणी नवल करूं नये. ग्रुपवर "कृपया माझ्या मुलीचा हा फोटो काढावा" असें लिहिलें कीं ज्या तीस जणांनीं तो पाहिलाहि नव्हता तेहि वर सरकून पाहतात. फोटोची ओळख शब्दांनीं द्यावी : तारीख, वेळ, कोणी टाकला, त्यांत काय दिसतें.

फोटो निवडण्याचा प्रश्न मात्र आमच्या दोघांच्या बोलण्यांतून सुटला नाहीं. भाचीचें म्हणणें, लेकीचे असतील तेवढे सगळे काढावेत, जून महिन्यापासूनचे. मीं म्हटलें, तिला विचार. नऊ वर्षांच्या मुलीला काय विचारावयाचें, असें तिच्या घरांतल्या वडील मंडळींना वाटलें. पण विचारल्यावर मुलीनें क्षणाचाहि विचार न करतां निवाडा दिला. दप्तराचे एकटीचे दोन फोटो नकोत. रांगेंत उभी असलेला एक, ज्यांत फलक वाचतां येतो, तोहि नको. चौदाहि मुलें जमिनीवर बसलेलीं आहेत तो राहिला तरी चालेल. आणि ऑगस्टांतला खो-खोचा फोटो काढावयाचा नाहीं, त्यांत तिनें खांबाजवळ गडी बाद केलेला दिसतो. मोठ्या माणसांना फोटो ही एकच वस्तु दिसते. तिला त्यांतले तीन लाजेचे आणि एक अभिमानाचा असे वेगवेगळे दिसत होते.

मग पत्र झालें तें असें :

"आदरणीय बाईंस सविनय नमस्कार. १४ नोव्हेंबर रोजीं झालेल्या दप्तरवाटपाचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर आले आहेत. माझ्या मुलीला दप्तर मिळालें याबद्दल आम्ही शाळेचे आणि देणाऱ्यांचे आभारी आहोंत. त्यांतील तीन फोटो, म्हणजे ती एकटी दप्तर घेतांनाचे दोन आणि फलकापुढें रांगेंत उभी असलेला एक, यांमुळें तिला वर्गांत चिडविलें गेलें व तिला फार वाईट वाटलें. आपण टाकलेले दोन आणि समितीच्या सभासदांनीं टाकलेला एक, असे हे तीनहि ग्रुपवरून सर्वांसाठीं काढावेत. ते शाळेच्या दुसऱ्या कोणत्या पानावर, ग्रुपच्या मुखचित्रांत किंवा आपल्या फोनमध्यें असल्यास तेथूनहि काढावेत. सभासदांनीं कोणाचेंहि नांव न घेतां एवढेंच सांगावें कीं वाटपाचे फोटो पुढें पाठवूं नयेत व आपल्याकडील काढून टाकावेत. प्रवेशाच्या वेळीं फोटोसाठीं मीं सही केली असल्यास मदत, बक्षीस किंवा आजार यासंबंधींच्या एकटीच्या फोटोपुरती ती संमति मी मागें घेत आहें. खेळाच्या, संमेलनाच्या आणि सर्व वर्गाच्या फोटोंस माझी हरकत नाहीं. या पत्राची एक प्रत मुख्याध्यापकांना देत आहें. आपली कांहीं तक्रार म्हणून नव्हे, तर शाळेच्या दप्तरीं नोंद राहावी म्हणून."

शेवटचें वाक्य भाचीचें आहे. माझ्या मसुद्यांत तेथें एका कायद्याचें कलम होतें; तिनें तें खोडलें आणि तें खोडणें योग्यच होतें. पण वाचकांना कायदा काय म्हणतो हें जाणण्याची इच्छा असेल. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा जो कायदा २०२३ सालच्या ऑगस्टांत संमत झाला, त्यांत अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ति मूल मानली आहे आणि तिची माहिती वापरण्यापूर्वीं आईबापांची पडताळतां येईल अशी संमति घ्यावी असें म्हटलें आहे. दिलेली संमति मागें घेतां येते, आणि ती देणें जितकें सोपें होतें तितकेंच मागें घेणेंहि सोपें असावें असें तो कायदा सांगतो. मात्र मागें घेण्यापूर्वीं जें झालें तें त्यामुळें बेकायदा ठरत नाहीं. नियम निघाले ते नेमके बालदिनाच्याच आठवड्यांत, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनीं, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यांत, लागू व्हावयाच्या असें ठरलें. शिवाय व्यक्तीनें घरगुती किंवा खाजगी कारणासाठीं केलेला वापर कायद्याच्या बाहेर ठेवला आहे. आत्यानें भाचीचा वाढदिवसाचा फोटो नातेवाइकांना पाठविला तर हा कायदा तिला हात लावीत नाहीं. शाळेनें शाळेच्या कामासाठीं फोटो पसरविले तर तें घरगुती म्हणणें कठीण, असें माझें मत. एका पालकानें दुसऱ्या पालकांना पाठविलेला फोटो मात्र या दोहोंच्या मधल्या धूसर जागेंत पडतो. कलम खोडल्यानें आमचें फारसें नुकसान झालें नाहीं तें यामुळेंच.

छायाचित्रानें माणसाची लाज जाते हा अनुभव कांहीं व्हॉट्सॲपपासून सुरू झालेला नाहीं. अमेरिकेंत रॉचेस्टर येथें अबिगेल रॉबर्सन नांवाच्या, कायद्यानें अजून सज्ञान न झालेल्या एका मुलीचें छायाचित्र एका पिठाच्या गिरणीनें तिला न विचारतां जाहिरातीवर छापलें. पंचवीस हजार प्रती दुकानांतून आणि गुत्त्यांतून लागल्या. चित्र वाईट नव्हतें, उलट सुंदर होतें. पण ओळखीचे लोक टोमणे मारूं लागले आणि मुलीनें अंथरूण धरलें. १९०२ सालीं न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयानें चार विरुद्ध तीन मतांनीं तिच्या विरुद्ध निकाल दिला : असा हक्क आमच्या कायद्यांत नाहीं. त्यावर इतकी ओरड झाली कीं पुढल्याच वर्षीं तेथील विधिमंडळानें कायदा करून, व्यापारासाठीं कोणाचें चित्र वापरावयाचें तर त्याची, आणि तो अज्ञान असेल तर पालकांची, लेखी संमति घेण्याची अट घातली. तो कायदा जाहिरातीपुरता होता. दप्तरवाटपाचा फोटो ही जाहिरात आहे कीं नाहीं, हा प्रश्न मला त्या रविवारीं दिवसभर छळीत होता, आणि सायंकाळीं त्याचें उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आलें.

बाईंना फोन केल्यावर त्यांनीं आपले दोन फोटो दुपारच्या आंत काढले. "माझ्या लक्षांतच आलें नाहीं हो," एवढेंच त्या म्हणाल्या. तिसरा समितीच्या सभासदांचा होता. तोहि त्यांनीं ॲडमिनच्या अधिकारानें काढला. त्या जागीं ॲडमिननें संदेश काढल्याची खूण उरली, आणि ती पाहून सभासदांनीं सायंकाळीं भाचीच्या घरीं येऊन विचारलें, "माझं काय चुकलं, ताई? फोटो नसला तर पुण्याच्या पोरानं मित्रांना काय दाखवायचं? पुढल्या वर्षी पैसे कोण देईल?"

माणूस दुखावला होता आणि त्याच्या बोलण्यांत तथ्य होतें. देणाऱ्यांनीं एकमेकांवर विश्वास ठेवून पैसे दिलेले. दप्तरें खरोखर पोंचलीं हें त्यांना कळलें पाहिजे. पण दप्तर पोंचल्याचा पुरावा पाहिजे म्हणजे मुलीचें तोंड पाहिजे असें नव्हे. भाचीच्या नवऱ्यानें त्यांना चहा देतां देतां जें सुचविलें तें मला कोणत्याहि कलमापेक्षां अधिक उपयोगाचें वाटलें. दुकानाची पावती आहे. चौदा दप्तरें टेबलावर एकत्र ठेवून फोटो काढतां येतो. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याची, चौदा पालकांच्या सह्यांची पोंच देतां येते, आणि ती ग्रुपवर न टाकतां फक्त पैसे देणाऱ्यांकडे जाते. मुलें हवींच असतील तर दप्तरें पाठीला लावून वर्गाकडे चाललेलीं पाठमोरीं दाखवावींत. सभासद कांहीं वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फलकाचं कापड पण दीडशे रुपयांचं होतं."

येथवर जें साधलें तें सांगितलें. जें साधलें नाहीं तेंहि सांगितलें पाहिजे. सभासदांनीं एकटीचा फोटो आपल्या स्टेटसवर लावला होता. तो चोवीस तासांनीं आपोआप गेला होता. पण शुक्रवारींच त्यांनीं तो गांवाच्या दुसऱ्या एका मोठ्या ग्रुपवरहि पाठविला होता. तेथें ॲडमिन दुसरा, आणि त्याला निरोप पोंचला तोंवर मुदत टळलेली. तेथें तो फोटो अजून आहे. मागें मागें सरकत रोजच्या शुभसकाळींखालीं गाडला गेला आहे एवढेंच. ज्यांच्या आयफोनच्या चित्रसंग्रहांत फोटो आधींच उतरला होता त्यांच्याकडे, संदेश काढल्यावरहि, तो राहूं शकतो. ज्यांनीं तो दुसरीकडे पाठविला किंवा ज्यांच्या फोनमधून चित्रें आपोआप दूरच्या साठ्यांत जमा होतात, त्यांच्यापर्यंत ॲडमिनचा हात पोंचतच नाहीं. बाईंनीं नांव न घेतां ग्रुपवर विनंति टाकली. तिच्याखालीं अंगठ्याच्या खुणा एकोणीस पडल्या. खरोखर किती जणांनीं फोटो काढला हें मोजण्याचें साधन कोणाकडेच नाहीं.

एक प्रत मात्र सांपडली, ती घरांतच. मुलीच्या आजीच्या फोनवर तो फोटो मुखपृष्ठाला लावलेला होता. आजींना फलक वाचतां येत नव्हता, चष्म्याचा नंबर वाढला आहे. नात नव्या दप्तरासह उभी आहे एवढेंच त्यांना दिसत होतें. मुलीनें तो काढला नाहीं. तिनें आजीच्या फोनवर चित्राला कात्री लावावयाची कशी तें शोधून फलक कापला, आणि दप्तरावरचा तो हातहि कापला.

डिसेंबरांत बाईंनीं पालकसभेंत प्रत्येकाकडून एक कागद भरून घेतला. वर्गाचे फोटो, खेळाचे फोटो, बक्षिसाचे फोटो, मदतीचे फोटो, असे चार वेगळे रकाने आणि प्रत्येकापुढें होय किंवा नाहीं. भाचीनें मला तो कागद वाचून दाखविला. मदतीच्या रकान्यांत शेहेचाळिसांपैकीं एकेचाळीस जणांनीं नाहीं लिहिलें होतें, आणि त्यांत समितीच्या त्या सभासदांचीहि सही होती. त्यांचा मुलगा त्याच वर्गांत आहे.